चाकाचा च आणि चक्राचा च

मराठी नेमकी कुठून आली, हा वाद जुनाच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून तो पुन्हा तापला आहे. एक बाजू म्हणते, संस्कृत ही साऱ्या भाषांची जननी, आणि पुरावा म्हणून मातृ–मदर, भ्रातृ–ब्रदर अशा जोड्या पुढे करते. दुसरी बाजू मराठीचे मूळ द्रविड भाषांत शोधते. तीही जोड्याच पुढे करते, फक्त कानडी-तमिळ शब्दांच्या. तिसरी बाजू दोघांनाही उडवून लावते. तिच्या मते संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची समान पूर्वज मानलेली ‘आद्य इंडो-युरोपीय’ ही भाषा युरोपीय पंडितांनी कागदावर रचली. ती कोणी ऐकली आहे का, की तिचा एखादा शिलालेख सापडला आहे? तिघांचाही आवाज चढलेला असतो आणि तिघांचीही चूक एकच असते. शब्द सारखे दिसतात की नाही, यावर भाषांचे नाते ठरते असे तिघांनीही धरून चालले आहे.

शब्दांचा सारखेपणा हा नात्याचा पुरावाच नव्हे. पुरावा असतो तो ध्वनींच्या नियमित जुळणीत: एका भाषेत अमुक ध्वनी असेल तिथे दुसरीत तमुक ध्वनी, आणि तोही एका शब्दात नव्हे तर सापडेल त्या प्रत्येक शब्दात. ध्वनिबदल नियमित असतो हे गृहीतक मान्य केल्याशिवाय तुलनेला सुरुवातच होत नाही. ते अपवाद झाकण्यासाठी नसून अपवाद डोळ्यांत भरावेत म्हणून धरलेले असते. आणि याचा सर्वांत भक्कम दाखला युरोपात शोधायला जावे लागत नाही. तो संस्कृतच्या पोटात, च या एका अक्षरात आहे.

आधी सारखेपणाचा निकाल लावू. ‘बदनाम’, ‘बदफैली’ यांतला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चारही जवळपास एक. तरी त्यांचे काही नाते नाही. फारसी शब्द हजार-बाराशे वर्षे मागे नेला की तो ‘वद’ असा होतो, म्हणजे त्यातला ब मुळात व होता. इंग्रजी शब्द मागे नेला तर ब तसाच राहतो. भूतकाळात जाताना ही दोन माणसे एकमेकांपासून दूर जातात. नातेवाईक असती तर जवळ आली असती. आता उलट उदाहरण घ्या. संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत कानाला एकही ध्वनी समान वाटत नाही, तरी ते एकाच शब्दाचे वंशज आहेत. इंग्रजीतला हा सुरुवातीचा व्ह लॅटिनच्या क्व ला आणि संस्कृतच्या क किंवा च ला जुळतो. ‘व्हॉट’ला लॅटिन ‘क्वोद’ जुळतो, वैदिक ‘कद्’ जुळतो. ‘व्हील’ त्याच रांगेत बसतो. ‘चक्र’चे नाते ‘व्हील’शी लागते ते या रांगेमुळे.

सारख्या शब्दांच्या याद्या एवढ्या सहज का तयार होतात, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, व्यंजनांचे ढोबळ दहा गट पाडले आणि शब्दातली पहिली दोन व्यंजने जुळली की जोडी जमली असे मानले. मग काहीही संबंध नसलेल्या दोन भाषांत शंभरात एक शब्द निव्वळ योगायोगाने जुळेल. हजार शब्द तपासले तर दहा जोड्या. त्यात अर्थाची थोडी सूट घेतली, म्हणजे ‘पाणी’ला ‘नदी’, ‘पाऊस’, ‘पिणे’, ‘ओले’ यांपैकी काहीही चालवून घेतले, की दहाच्या पन्नास होतात. पन्नास जोड्यांची पुस्तिका छापता येते! नियमित जुळणीची अट घातली की मात्र हा फुगा बसतो, कारण योगायोगाच्या जोड्यांत प्रत्येक जोडीचा नियम वेगळा निघतो.

ध्वनिबदल नियमित असतो म्हणजे नेमके काय? १८७६ मध्ये लाइपझिगच्या आउगुस्ट लेस्कीन यांनी आणि दोन वर्षांनी हेर्मान ओस्टहोफ व कार्ल ब्रूगमान यांनी हे ठासून मांडले, की ध्वनिनियमांना अपवाद नसतात. वाक्य ऐकायला उद्दाम वाटते, पण त्याचा आशय मर्यादित आहे. एखाद्या भाषेत, एखाद्या काळात ध्वनी बदलतो तेव्हा तो शब्दाचा अर्थ, प्रतिष्ठा किंवा पावित्र्य पाहत नाही. तो फक्त शेजारचे ध्वनी पाहतो. शेजार तोच असेल तर बदलही तोच.

हे मराठी माणसाला स्वतःच्या तोंडात पडताळता येते. ‘त्याचा’ म्हणा आणि लगेच ‘त्याची’ म्हणा. पहिल्या च ला जिभेचे टोक दातांमागे लागते, दुसऱ्याला जिभेचा पुढचा भाग टाळूला लागतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही तेच. इ, ए, य यांच्या उच्चारात जीभ टाळूकडे उचललेली असते, म्हणून त्यांच्या आधीचा च तालव्य राहतो. इतरत्र तो दंततालव्य होतो. चूक, चोर, चाक एका बाजूला. चिंच, चेंडू, चीक दुसऱ्या बाजूला. आता ‘पैसा’ घ्या. त्याचे ‘पैशाला’ होते, ‘ससा’चे ‘सशाला’, ‘घसा’चे ‘घशाला’. आ च्या आधी श यायचे कारण काय? आज दिसणारे कारण काहीच नाही. पण ‘घोडा–घोड्याला’ शेजारी ठेवा. सामान्यरूपात तिथे य आहे. ‘पैस्याला’मध्येही तो होता. त्याने स चा श केला आणि स्वतः त्या श मध्ये विरून गेला. कारण पुसले गेले, परिणाम उरला. पुसलेले कारण उरलेल्या परिणामावरून परत मिळवणे म्हणजे पुनर्रचना.

आता तेच संस्कृतला लावू. तुलनेसाठी शब्द निवडताना सर्वनामे, संख्या, रोजच्या क्रिया, छोटी अव्यये घेतात. आई-बाबा यांसारखे बालशब्द गाळतात, कारण ते बाळाच्या तोंडून जगभर तसेच निघतात. ध्वन्यनुकारी शब्द गाळतात. बाजारातून आलेल्या वस्तूंची नावे गाळतात. मग भाषांचे रकाने पाडून शब्द असे मांडतात, की ध्वनीखाली ध्वनी यावा. संस्कृत ‘च’ म्हणजे ‘आणि’. त्याच अर्थाने ग्रीक ‘ते’, लॅटिन ‘क्वे’. संस्कृत ‘पञ्च’, ग्रीक ‘पेन्ते’, लॅटिन ‘क्वीन्क्वे’. ‘चित्’ला ग्रीक ‘ति’, लॅटिन ‘क्विद’. ‘चत्वारः’ला ग्रीक ‘तेत्तारेस’. (‘क्वीन्क्वे’च्या सुरुवातीला प हवा होता, तो पुढच्या क्व च्या ओढीने क्व झाला. ‘पचति’ला लॅटिन ‘कोक्वित’ येतो, तोही याच ओढीने, म्हणजे हाही नियमच.) तर एक रांग मिळाली: संस्कृत च, ग्रीक त, लॅटिन क्व.

पण दुसरी रांगही आहे. ‘कतरः’, म्हणजे दोहोंपैकी कोणता, याला ग्रीक ‘पोतेरोस’. ‘कद्’ला लॅटिन ‘क्वोद’. इथे संस्कृत क, ग्रीक प आणि लॅटिन पुन्हा क्व. लॅटिनमध्ये एकच ध्वनी असताना संस्कृतात दोन आणि ग्रीकमध्येही दोन कसे? अशा वेळी सोपा मार्ग मोह घालतो: मूळ भाषेत दोन वेगळे ध्वनी होते आणि लॅटिनने ते एक केले, असे म्हणून मोकळे व्हावे. पण त्याआधी एक तपासणी करावी लागते. या दोन रांगा एकाच शेजारात कधी येतात का? येत नसतील तर त्या एकाच ध्वनीच्या दोन छटा आहेत.

संस्कृतात पाहिले तर शेजार सारखाच दिसतो: ‘कतरः’मध्ये क नंतर अ, ‘चत्वारः’मध्ये च नंतरही अ. संस्कृतवर थांबलेला अभ्यासक इथे अडतो. तेच शब्द ग्रीकमध्ये पाहा. संस्कृत च असलेल्या शब्दांत ग्रीक ए किंवा इ दाखवते: ते, पेन्ते, तेत्तारेस, ति. संस्कृत क असलेल्या शब्दांत ग्रीक ओ दाखवते: पोतेरोस. लॅटिनचे क्वे, क्विद आणि क्वोद हेही अगदी असेच विभागतात. म्हणजे शेजार वेगळा होता. संस्कृतात तो दिसेनासा झाला आहे, एवढेच. मूळ ध्वनी एक, ओठ गोल करून उच्चारलेला क, म्हणजे *क्व. आधीचा तारा म्हणजे हे रूप नोंदलेले नाही, ताडलेले आहे. ए-इ पुढे असताना संस्कृतच्या पूर्वजांनी त्याचा च केला, इतरत्र क ठेवला. नंतर ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ आणि अ हे तिन्ही स्वर मिसळून एक अ झाला. ‘त्याची’मधल्या ई ने जे केले तेच त्या ए ने केले होते, आणि ‘पैशाला’मधल्या य प्रमाणे तोही काम करून नाहीसा झाला.

‘चक्र’ या एका शब्दात दोन्ही बाजू शेजारी बसल्या आहेत. मूळ रूप *क्वेक्व्लो-. पहिला क्व ए पुढे, म्हणून च. दुसरा क्व ल पुढे, म्हणून क. ल चा संस्कृतात र झाला. नियम लावत गेले की चक्र मिळते, आणि इंग्रजीचे नियम लावत गेले की व्हील.

इथे जननीवाद्यांचा सर्वांत चांगला आक्षेप येतो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. ते म्हणतील, मूळ स्वर संस्कृतचाच, एकटा अ. ग्रीकने आणि लॅटिनने त्याचे नंतर तीन तुकडे केले. हे म्हणणे मूर्खपणाचे नाही. १८६८ पर्यंत युरोपातले सर्वांत मोठे तुलनाकार हेच मानत. आउगुस्ट श्लायखर यांनी त्या वर्षी मूळ भाषेत एक छोटी बोधकथा लिहून पाहिली, तिचे शीर्षकच ‘अविस अक्वासस क’ असे होते, म्हणजे मेंढी आणि घोडे. सगळीकडे संस्कृतसारखा अ, आणि ‘आणि’साठी क. मग ते मत का सोडावे लागले? कारण एकाचे तीन होण्यासाठी अट लागते. ग्रीकने अ चा कुठे ए केला आणि कुठे ओ, हे कशावरून ठरवले? आणि समजा काहीतरी अट होती, तरी ग्रीकचा ए नेमका त्याच जागी कसा आला, जिथे हजारो मैल दूर संस्कृतात च आहे? ग्रीक बोलणाऱ्यांनी संस्कृत शब्द समोर ठेवून स्वर निवडले असतील तरच हे शक्य आहे. उलट तीनाचे एक व्हायला कसलीच अट लागत नाही, ते फक्त मिसळतात. म्हणून तीन आधी, एक नंतर. हा ‘तालव्यांचा नियम’ १८७० च्या दशकात अनेक अभ्यासकांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे सापडला. पुरावा समोर आल्यावर युरोपीय पंडितांनी आपलेच मत मागे घेतले, हेही ‘पंडितांनी रचलेली भाषा’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची आई नव्हे, बहीण आहे. घ, ध, भ यांसारखे जुने महाप्राण सांभाळणारी, वेदांत जुना स्वराघात जपणारी, पण स्वरांच्या बाबतीत बदललेली बहीण.

संस्कृतच्या विद्यार्थ्याला याचा पडताळा रोज येतो, फक्त कोणी सांगत नाही. ‘कृ’चे परोक्ष भूतकाळी रूप ‘चकार’, ‘गम्’चे ‘जगाम’. धातूच्या पहिल्या अक्षराची द्विरुक्ती करायची, पण क चा च आणि ग चा ज करून. पाणिनीने हे ‘कुहोश्चुः’ या सूत्रात नोंदवले आहे. नोंद अचूक आहे. कारण सांगणे हे त्या सूत्राचे काम नव्हे. कारण ग्रीकमध्ये दिसते. तिथे अशा रूपात द्विरुक्त अक्षराचा स्वर ए असतो आणि धातूचा बहुधा ओ: ‘लेलोइपा’, ‘गेगोना’. ‘चकार’च्या च मागे तोच ए उभा आहे. ‘पचति’ पण ‘पाक’, ‘शोचति’ पण ‘शोक’ हेही त्याच घराण्यातले. ‘स्वयंपाक’ आणि ‘पचन’ हे दोन शब्द एका श्वासात बोलणारा मराठी माणूस त्या हरवलेल्या ए आणि ओ ची खूण बोलत असतो.

आता खरी कसोटी. नियम आधी मांडला आणि पुरावा नंतर जमिनीतून निघाला, असे झाले आहे का? ‘हन्ति’ म्हणजे मारतो, ‘घ्नन्ति’ म्हणजे मारतात. एकाच धातूत ह आणि घ का? नियम सांगतो: ‘हन्ति’मध्ये त्या कंठ्य ध्वनीपुढे ए होता, म्हणून तो तालव्य झाला आणि पुढे झिजून ह उरला, ‘घ्नन्ति’मध्ये पुढे लगेच न होता, स्वर नव्हता, म्हणून घ टिकला. तालव्यांचा नियम मांडला गेला तेव्हा हित्ती भाषा कोणाला वाचता येत नव्हती. तुर्कस्तानातल्या बोगाझक्योय इथले मातीचे लेख १९०६ पासूनच्या उत्खननात मोठ्या संख्येने निघाले आणि १९१५ मध्ये बेद्रीख ह्रोझनी यांनी ती भाषा इंडो-युरोपीय असल्याचे दाखवले. त्या लेखांत ‘मारतो’ आहे ‘कुएन्त्सि’ आणि ‘मारतात’ आहे ‘कुनन्त्सि’. एकवचनात कु नंतर ए. बहुवचनात ए नाही, सरळ न. ती पाटी इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात कोरणाऱ्या लेखनिकाला लाइपझिगच्या प्राध्यापकांची मर्जी राखायची नव्हती.

तरीही विरोधकांच्या हातात वजनदार मुद्दे आहेत. पहिला असा, की तुम्ही अपवाद नाहीत म्हणता आणि अपवाद दिसला की ‘सादृश्य’ नावाची पळवाट काढता. उदाहरण आपल्या नियमातच आहे: ‘किम्’. क पुढे इ, तरी च झाला नाही! आम्ही म्हणतो, ‘कः, कम्, कस्य’ या रूपांच्या ओढीने ‘चिम्’चे ‘किम्’ झाले. ही पळवाट नाही कशावरून? कारण सादृश्याचा दावा करणाऱ्यावर दोन बंधने आहेत. ज्याच्या ओढीने बदल झाला ते रूप दाखवावे लागते आणि ते त्याच शब्दाच्या रूपावलीतले किंवा अर्थाने चिकटलेले असावे लागते. इथे ते आहे. शिवाय रूपावलीतून तुटून एकटे पडलेले जुने रूप कुठेतरी नियमाप्रमाणे उरलेले सापडावे, कारण एकट्याला ओढायला कोणी नसते. ‘चित्’ हे तसे रूप. ते विभक्तीच्या साखळीतून सुटून नुसते अव्यय झाले, म्हणून त्याचा च वाचला. दोघे भाऊ आजही एका मराठी शब्दात राहतात: ‘किंचित’. त्यातला पहिला कि सादृश्याने आलेला, पुढचा चि नियमाने आलेला. ही दोन्ही बंधने पाळता येत नसतील तर ‘सादृश्य’ हा शब्द तोंडातून काढू नये आणि अपवाद ‘अनुत्तरित’ म्हणून नोंदवावा. अनेक लेखक हे पाळत नाहीत, हे मी मान्य करतो. तो दोष त्यांचा आहे, पद्धतीचा नव्हे.

दुसरा मुद्दा उसनवारीचा. मराठीत ‘चाक’चा च दंततालव्य, पण ‘चक्र’चा तालव्य. ‘चांदणे’चा एक, ‘चंद्र’चा दुसरा. ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, आणि ‘जग’ म्हणजे दुनिया. लिहायला एक, उच्चाराला दोन. शेजार तोच आणि निकाल वेगळे, मग नियम कुठे राहिला? पण हे अपवाद कोणत्या शब्दांत आहेत ते पाहा. चक्र, चंद्र, जग, चरित्र हे सगळे पोथीतून पुन्हा उचललेले तत्सम शब्द आहेत. ‘चाक’ पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून झिजत आले, ‘चक्र’ मागच्या दाराने थेट संस्कृतातून आले. त्यांच्यातला फरक जोडाक्षरावरूनही कळतो. ‘चाक’मध्ये क्र नाही. नियम मोडणाऱ्या शब्दांचा एक वेगळा गट पडतो आणि त्या गटाचा वेगळा इतिहास असतो, हे आपल्याला कळले कसे? नियम गृहीत धरला म्हणूनच. तो सोडून दिला तर चाक आणि चक्र हे ‘असेच दोन उच्चार’ राहतात आणि वारशाने आलेला शब्द व उसना शब्द यांत भेद करण्याचे साधनच हातातून जाते. द्रविडवादालाही हीच फुटपट्टी लावावी. अण्णा, अक्का हे कानडीतून आले, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद द्रविड सहवासाची खूण मानला जातो. हे सगळे खरे धरले तरी मराठीच्या संख्या, सर्वनामे आणि क्रियापदे ज्या नियमांनी जुळतात ते प्राकृताकडे जातात. सहवास आणि वंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड आहे आणि त्यात मी पूर्ण विजय मागत नाही. संस्कृत क्ष चे मराठीत काय होते? हिंदी शेजारी ठेवा: शेत–खेत, माशी–मक्खी, कूस–कोख, ऊस–ईख. मराठी स किंवा श, हिंदी ख. दुसरीकडे मासळी–मछली, वासरू–बछड़ा, पुसणे–पूछना. इथे मराठी स आणि हिंदी छ, कारण जुन्या छ चा मराठीत नियमाने स झाला. दोन्ही एकत्र केले की चित्र स्पष्ट होते: मराठीच्या पूर्वजात क्ष चा छ झाला आणि मग छ चा स, हिंदीकडे क्ष चा सरळ ख. पण मग मराठीत ‘खीर’, ‘खार’, ‘राखणे’, ‘पारखणे’ का? हे तत्सम नाहीत, घरचे शब्द आहेत. शेजाराची अटही सापडत नाही. आणि हिंदीतही ‘छुरी’ आहे, तिथे ‘खुरी’ हवी होती.

भाषाशास्त्रज्ञ ह्यूगो शुखार्ट यांनी १८८५ मध्ये याच जागी बोट ठेवले होते. भाषा म्हणजे भिंती घातलेली खोली नव्हे. बोली एकमेकींत शिरतात आणि शब्द बोलीबोलींतून फिरतात. विल्यम वांग यांनी १९६९ मध्ये आणखी पुढे जाऊन मांडले, की काही ध्वनिबदल शब्दाशब्दाने पसरतात आणि मध्येच थांबले तर अर्धे शब्द मागे राहतात. दोन्ही गोष्टी घडतात, हे मान्य केले पाहिजे. क्ष च्या बाबतीत तर हे मिश्रण फार जुने आहे. अशोकाच्या लेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, पश्चिमेकडे गिरनारला छ दिसतो आणि पूर्वेकडच्या लेखांत ख. व्यापारी, भिक्षू आणि सैनिक या दोन पट्ट्यांत ये-जा करत होते, शब्दही करत होते.

पण यातून ‘म्हणून नियम नाहीत’ असा निष्कर्ष निघतो का? छ पट्टा आणि ख पट्टा हे दोन आहेत, हे वाक्यच मुळी नियमाच्या भाषेत बोललेले आहे. ‘खीर’ बाहेरून आली असावी असा संशय येतो तो ‘शेत’, ‘माशी’, ‘कूस’ एका रांगेत उभे राहिले म्हणून. जिथे बोली शतकानुशतके सरमिसळ होत राहिल्या तिथे वंशवृक्षाची फांदी नीट काढता येत नाही, आणि भारतीय-आर्य भाषांचा बराचसा प्रदेश तसाच आहे. पद्धतीची ही मर्यादा आहे. ती पद्धतीनेच दाखवून दिली आहे.

तारांकित रूपांबद्दलही असाच गैरसमज आहे. *क्वे असे लिहिले म्हणजे कोणीतरी अगदी असाच उच्चार करत होते असा दावा नसतो. तारा सांगतो, की हे रूप नोंदलेले नाही, ताडलेले आहे. पक्के असते ते नाते: या शब्दांत एक व्यंजन होते, ते त्या दुसऱ्या व्यंजनाहून वेगळे होते आणि त्यापुढे पुढच्या बाजूचा स्वर होता. ओठ किती गोल, जीभ किती उचललेली, हे अंदाज असतात आणि अभ्यासक त्यावर भांडत राहतात. ती भाषा कधी आणि कुठे बोलत होते, हे ध्वनिनियम सांगतच नाहीत. त्यासाठी दुसरे पुरावे लागतात. आणि आठ-दहा हजार वर्षांपलीकडे उरलेले शब्द इतके थोडे आणि इतके झिजलेले असतात, की नियमित जुळणी आणि योगायोग यांत फरक करता येत नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून जगातल्या सगळ्या भाषांचे एक मूळ, असा दावा करणाऱ्याच्या हातात पुन्हा त्या दिसायला सारख्या शब्दांच्या याद्याच उरतात.

शेवटी एक शब्द, जो नियमाला उघड धक्का देतो. गुरांचा ‘चारा’ म्हणताना च दातांमागे लागतो, तसाच लागायला हवा. पण ‘चार’ ही संख्या म्हणताना तो टाळूला लागतो, पुढे आ असूनही. हा तत्सम शब्द नव्हे, बाजारातही रोज मोजला जातो, म्हणून उसनवारीचे कारण चालत नाही. जुन्या मराठीत पाहिले तर ही संख्या ‘च्यारि’ अशी लिहिलेली सापडते. च पुढे य होता. त्याने च ला टाळूशी धरून ठेवले आणि मग तो गळाला. त्याहून कितीतरी आधी, ‘चत्वारः’च्याही मागे, याच जागी क्व होता आणि त्यापुढे ए होता, जो ग्रीक ‘तेत्तारेस’मध्ये अजून आहे.